शहाळं, अडसर की नारळ? फोटोवरून ओळखण्याच्या प्रकल्प नोंदी

९ मार्च

आमचा बचत गट गेल्या उन्हाळ्यापासून गुहागर तालुक्यातल्या नारळाच्या सात-आठ आगरांतून शहाळी गोळा करून चिपळूणला आणि थोडी पुण्याला पाठवतो. माल ठरतो तो व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर. आगरवाले ढिगाचा फोटो टाकतात, मी "पाठवा" म्हणते आणि टेम्पो निघतो. गेल्या आठवड्यात साठ नगांचा ढीग फोटोत हिरवागार दिसत होता. चिपळूणला कोयता लागल्यावर त्यातले बावीस अडसर निघाले आणि दोन तर चक्क नारळ. गिऱ्हाइकाने सगळा माल परत केला. भाडं आमच्या अंगावर आलं आणि फळंही वाया गेली.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने ग्लासातल्या पाण्याचा फोटो पाठवला. पाणी गुलाबी दिसत होतं आणि खाली लिहिलं होतं, "खराब आहे, पैसे परत करा." पाणी खरंच खराब होतं की नाही, मला फोटोवरून सांगता येईना.

म्हणून या दोन प्रश्नांवर नीट काम करायचं ठरवलं. फोटोवरून फळाचं वय सांगता येतं का, आणि फोटोवरून पाण्याचा ताजेपणा सांगता येतो का. शेवटी आगरवाल्यांना देण्यासाठी एक छोटा सूचनांचा कागद तयार व्हायला हवा.

११ मार्च

आधी शब्द पक्के करून घेते, कारण गिऱ्हाइकाचं आणि आमचं भांडण निम्मं शब्दांवरूनच होतं. शहाळं म्हणजे पाणी भरपूर आणि मलई नसलेली किंवा चमच्याने निघेल इतकी पातळ. अडसर म्हणजे मलई जाड आणि चावावी लागणारी, करवंटी तपकिरी व्हायला लागलेली, पाणी अजून पिण्याजोगं पण गोडी उतरलेली. नारळ म्हणजे खोबरं तयार झालेलं फळ. बाहेरच्या काथ्याच्या आवरणासकट, म्हणजे सोडणासकट विकला तर त्याला असोला म्हणतात. कच्चं आणि पिकलं असे दोनच कप्पे केले तर अडसर कुठेच बसत नाही, आणि आमचा सगळा घोटाळा अडसरांतच होता.

फूल धरल्यापासून नारळ पक्का व्हायला साधारण बारा महिने लागतात. सहा-सात महिन्यांत फळ जवळजवळ पूर्ण आकाराचं होतं. त्यानंतर बाहेरून ते फारसं वाढत नाही, जे काही घडतं ते आत. म्हणजे सात महिन्यांचं आणि दहा महिन्यांचं फळ ढिगात शेजारी ठेवलं तर आकारावरून काहीच कळणार नाही. आम्ही मात्र फोटोत आकार आणि हिरवेपणा एवढंच बघत होतो.

फळांचं खरं वय कळल्याशिवाय फोटो तपासून उपयोग नाही. ते वय माडच सांगतो. चांगल्या माडाला साधारण दर महिन्याला एक झावळी आणि तिच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा येतो, त्यामुळे एकाच माडावर महिन्या-महिन्याच्या अंतराने घोस लागलेले असतात. काकांच्या आगरात बाणवली या उंच जातीचे माड आहेत. माडावर चढून नारळ उतरवणाऱ्या पाडेलीदादांना विचारलं, वरून घोस मोजून देणार का. ते म्हणाले, "मोजतो, पण ताई, पुढचा घोस सरळ खाली नसतो हां. माड वळणावळणाने फळतो. गोल फिरत मोजायला लागतं." खालून दुर्बिणीने मोजायचा माझा बेत तिथेच रद्द झाला.

घोसाचा क्रम म्हणजे अचूक महिना नव्हे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पोय निघण्याचा वेग सारखा नसतो. पण एका माडावरचा सातवा घोस नवव्यापेक्षा कोवळा, एवढं नक्की. मला तेवढं पुरे.

१५ मार्च

सकाळी सात वाजता उतरवणी केली. एकाच माडावरचे सहावा, सातवा, नववा आणि बारावा असे चार घोस दोराला बांधून खाली सोडले. नारळ टाकतात तसं शहाळं वरून टाकायचं नाही, त्याची करवंटी अजून मऊ असते आणि आपटलं की आत तडकते. प्रत्येक घोसातली पाच फळं घेतली आणि त्यांना खडूने एक ते वीस आकडे घातले. आकडा कुठल्या घोसाचा हे फक्त काकूंच्या वहीत लिहिलं. मग प्रत्येक फळाचे दोन फोटो काढले, एक बाजूने आणि एक बरोबर वरून, देठाकडून.

नंतर कोयता घेऊन बसलो. सहाव्या घोसातल्या फळांत खोबऱ्याचा पत्ता नव्हता. फक्त देठाच्या विरुद्ध टोकाला, आतल्या तळाशी, नखाने निघेल असा पारदर्शक चिकट थर होता. मलई धरायला सुरुवात त्या टोकापासून होते आणि मग ती देठाकडे चढत येते. सातव्यात आतून सगळीकडे पातळ पांढरी मलई होती, चमचा घातला की दुमडून येणारी. एका फळातलं पाणी मोजलं तर साडेतीनशे मिलिलिटर भरलं. नवव्यात करवंटी तपकिरी होती, कोयता टणकन वाजला आणि मलई बोटभर वाकवली तर मोडली. बाराव्यात खोबरं होतं, पाणी बरंच कमी.

हातात धरायचा गोडी मोजणारा काच-मापक एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणला होता. सातव्या घोसाचं पाणी साडेपाचच्या आसपास, नवव्याचं पाचच्या खाली. आकड्यात फरक छोटा दिसतो, जिभेला मात्र मोठा लागतो. नवव्याच्या पाण्यात गोडीच्या मागे किंचित खारट सपकपणा होता. पुण्याची गिऱ्हाइकं "पाणी बेचव" म्हणत होती ते हेच असावं.

१६ मार्च

आज वीसही फळांचे फोटो सरमिसळ करून मोठ्या पडद्यावर पाहिले. वहिनी, काकू, पाडेलीदादा आणि मी, चौघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं: शहाळं, अडसर की नारळ.

फक्त बाजूचा फोटो पाहून माझे अकरा बरोबर आले, वहिनींचे बारा. पाडेलीदादांनी चौदा ओळखले. बारावा घोस सगळ्यांनी ओळखला, कारण त्याच्या सालीवर पिवळट तपकिरी छटा आली होती. चुका झाल्या त्या सातव्या आणि नवव्यात. दोघेही तितकेच हिरवे आणि तितकेच मोठे.

वरचे फोटो दाखवल्यावर माझे अठरा बरोबर आले आणि दादांचे सगळे वीस. ते काय बघतात ते विचारलं. दादांनी फोनवर बोट ठेवून फोटो मोठा केला आणि म्हणाले, "ही टोपी हाय ना, तिच्या कडेला पांढरं कडं बघा. कडं हाय तोवर फळ वाढताय. कडं गेलं की वाढ सरली."

टोपी म्हणजे देठाकडच्या त्या एकावर एक बसलेल्या पाकळ्या. कोवळ्या फळात टोपीच्या कडेखालून सालीचा एक गोल पट्टा दुधी पांढरा किंवा फिकट पिवळट दिसतो. सहाव्या घोसात तो रुंद होता, सातव्यात साधारण करंगळीच्या अर्ध्या नखाएवढा. नवव्यात कुठे कुठे फिकट रेघ उरली होती आणि बाकी हिरवं टोपीला येऊन भिडलं होतं. बाराव्यात काहीच नव्हतं.

कारण समजल्यावर ही खूण माझ्या डोक्यात पक्की बसली. फळाची वाढ टोपीखालून होते. तिथून नवी साल बाहेर सरकते, तिच्यावर अजून ऊन पडलेलं नसतं म्हणून ती पांढरी. वाढ मंदावली की नवी साल येत नाही, आणि जी बाहेर आली आहे ती उन्हाने हिरवी होऊन जाते. हिरवंगार म्हणजे कोवळं, ही आपली समजूत इथे नेमकी उलटी पडते. टोपीलगत हिरवं झालं म्हणजे फळ जून होत चाललं.

दुसरी खूण टोपीजवळच्या बारीक काडीची. फळाला चिकटून एक लहान काडी राहते, तिच्यावर एके काळी नर फुलं होती. कोवळ्या फळात ती हिरवी असते आणि टोकाकडून तपकिरी होत येते. सातव्या घोसात टोक वाळलेलं होतं, नवव्यात अर्ध्याहून जास्त काडी वाळली होती, बाराव्यात ती काडेपेटीतल्या काडीसारखी मोडली. कडं आणि काडी दोन्ही एकच सांगत असतील तर मी फोटोवर विश्वास ठेवायला तयार आहे.

२३ मार्च

आज एक फळ हातात आलं आणि गेल्या आठवड्याचा सगळा आनंद जरा जपून करायला हवा हे कळलं.

शेजारच्या आगरातून बारा फळांचे फोटो आले. त्यातल्या एकाच्या सालीवर देठापासून खाली तपकिरी, भेगाळलेले, खवल्यासारखे पट्टे होते. वहिनी म्हणाल्या नारळ, मीही नारळच म्हटलं. पाठवणारी आत्या फोनवर चिडली, "अगं, पाच दिवसांपूर्वी याच घोसातलं शहाळं मी पाहुण्यांना दिलं!" फळ मागवून घेतलं. फोडलं तर आत पातळ मलई आणि गोड पाणी. आत्याचंच खरं होतं.

ते डाग वयाचे नव्हते, कोळ्याचे होते. नारळावरचा इरिओफाईड कोळी डोळ्याला दिसत नाही. तो टोपीच्या आत, जिथे फळाची कोवळी साल वाढत असते तिथे बसून रस शोषतो. आधी टोपीखालून फिकट पिवळट त्रिकोण दिसतो. मग ती दुखावलेली साल फळाबरोबर खाली सरकते, तपकिरी होते आणि फाटते. म्हणजे मी ज्या जागेवर वय वाचायला शिकले, त्याच जागेवर हा कोळी आपली खाडाखोड करतो. पांढरं कडं तिथे नीट दिसतच नाही.

हे फळ घेऊन बराच वेळ बसले. वयाचा तपकिरीपणा आणि कोळ्याचा तपकिरीपणा यांत फरक आहे. वयाने साल सगळीकडून हळूहळू मंद होते, हिरव्यातून पिवळट आणि मग तपकिरी, आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. कोळ्याचे पट्टे टोपीपासून सुरू होऊन खाली निमुळते होत जातात, त्यांना भेगा असतात, कधी डिंक सुटलेला असतो, आणि दोन पट्ट्यांच्या मधली साल कोवळी हिरवी राहते. फोटोत डाग न पाहता डागांच्या मधली साल पाहायची. आणि कडं दिसत नसेल तर काडी. या फळाची काडी हिरवी होती, मी ती बघितलीच नव्हती.

दुसरा फसवणारा प्रकार रंगाचा. काकांच्या विहिरीजवळ चौघाट ऑरेंज ड्वार्फचा एक ठेंगू माड आहे. ही जात शहाळ्यासाठीच नावाजलेली, पण तिचं फळ अगदी लहानपणापासून नारिंगी असतं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने ते फोटोत पाहून "पिकलेलं नको" असं कळवलं होतं. पिवळी आणि नारिंगी फळं असलेल्या जातींना सालीच्या रंगाची खूण लावायचीच नाही. फोटोबरोबर जातीचं नाव, निदान "बाणवली" की "ठेंगू नारिंगी", लिहून यायला हवं.

२ एप्रिल

फोटो कसा काढायचा यावर तीन दिवस गेले.

ढिगाचा फोटो बंद. ढिगात टोप्या कुठल्याही दिशेला असतात आणि हिरव्यावर हिरवं पडून सगळंच कोवळं दिसतं. घोस तसाच उभा ठेवून वरून फोटो काढला तर पाच-सहा टोप्या एकदम दिसतात. फोन टोपीच्या बरोबर वर, दोन वितींवर धरायचा. सकाळी सावलीत काढायचा. भर उन्हात टोपीची सावली नेमकी कड्यावर पडते आणि पांढरं कडं काळं दिसतं. ताडपत्रीच्या निळ्या मांडवाखाली काढला तर सगळी साल निळसर हिरवी येते.

आणि फोटो फळ उतरवल्याच्या दिवशीच हवा. तोडून दोन-तीन दिवस झाले की कडं स्वतःच सुकून मातकट होतं. तसा फोटो पाहून फळ जून आहे की शिळं आहे, हे वेगळं काढता येत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तो कधी काढला ही माहिती उरत नाही, म्हणून तारीख आणि वेळ कागदावर लिहून तो कागद फोटोतच ठेवायचा.

६ एप्रिल

आता पाण्याकडे वळते. गुलाबी पाण्याच्या त्या फोटोपासून सुरुवात केली.

फोटोत काचेचा ग्लास लाल फुलाफुलांच्या मेणकापडावर होता आणि मागे पिवळा दिवा. मी आमच्या घरात तसंच लाल कापड पसरून आत्ताच फोडलेल्या शहाळ्याचं पाणी ठेवलं आणि फोटो काढला. पाणी गुलाबी आलं! साधं पिण्याचं पाणी ठेवलं, तेही गुलाबी आलं. म्हणजे त्या तक्रारीतला गुलाबीपणा कापडाचा असू शकतो. तो कापडाचाच होता असं मात्र म्हणता येणार नाही, कारण शहाळ्याचं पाणी कधी कधी खरोखरही गुलाबी होतं.

शहाळ्याच्या पाण्यात फिनॉलिक द्रव्यं असतात आणि त्यांना ऑक्सिजनशी जोडणारी पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, पेरॉक्सिडेज ही विकरंही असतात. फळ बंद असेपर्यंत त्यांना हवा मिळत नाही. फोडलं की हवा लागते आणि काही पाणी हळूहळू गुलाबी होतं. कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच जातीची ही गोष्ट. तो रंग जंतूंचा नव्हे. म्हणून गुलाबी म्हणजे नासलं असं नाही, आणि गुलाबी नाही म्हणजे ताजं असंही नाही.

फोटोसाठी उपाय साधा निघाला. पांढऱ्या कागदावर दोन सारखे काचेचे ग्लास ठेवायचे, एकात शहाळ्याचं पाणी, दुसऱ्यात साधं पाणी. दोन्हीत जो रंग दिसेल तो उजेडाचा, एकातच दिसेल तो पाण्याचा. एकटाच ग्लास ठेवला तर फोन आपल्या मनाने रंग सावरतो. कधी खरा गुलाबीपणा पुसतो, कधी नसलेला घालतो.

७ एप्रिल

आज सकाळी आठ वाजता सातव्या-आठव्या घोसातली तीन शहाळी फोडली. प्रत्येकाचं पाणी दोन ग्लासांत घातलं, एक ग्लास पडवीत आणि एक फ्रिजमध्ये. पडवीत दुपारी बत्तीस अंश होतं. दर तासाला फोटो, वास आणि एक घोट.

गढूळपणा मोजायला आधी ग्लासामागे वर्तमानपत्र उभं केलं. ते चुकलं. गोल ग्लासातून अक्षरं उलटी आणि ताणलेली दिसतात, मग ती पुसट का दिसतात ते कळत नाही. वर्तमानपत्र ग्लासाखाली ठेवून वरून पाहिलं तेव्हा बरोबर झालं. पाण्याच्या सगळ्या खोलीतून बारीक अक्षर वाचता येतं की नाही, ते फोटोतही स्पष्ट कळतं.

बारा वाजेपर्यंत पडवीतल्या तिन्ही ग्लासांचे फोटो सकाळच्या फोटोंसारखेच होते. मी ते शेजारी शेजारी लावून पाहिले, कुठला कुठला ते सांगता येईना. पण एक वाजता घोट घेतला तेव्हा पहिल्या ग्लासाची चव उतरलेली होती, जिभेच्या कडेला हलका आंबूसपणा. फोटो अजून स्वच्छ! तीन वाजता खालची बारीक अक्षरं पुसट झाली. पाच वाजता काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटले होते आणि वास ताकाकडे झुकला होता. म्हणजे चव आधी गेली आणि फोटोत ते दोन तासांनी दिसलं.

फ्रिजमधले तिन्ही दिवसभर स्वच्छ राहिले.

८ एप्रिल

सकाळी फ्रिजमधला एक ग्लास गुलाबी झालेला. नुसता डोळ्याला नव्हे, साध्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवूनही गुलाबी. वासात आणि चवीत काही फरक नव्हता. बाकीचे दोन जसेच्या तसे. तिन्ही फळं एकाच माडाची, एकाच दिवशी उतरवलेली, तरी एकच गुलाबी झालं.

त्यामुळे फोटोकडून मी आता एवढंच मागते. साध्या पाण्याच्या तुलनेत गढूळ, न फुटणारे बुडबुडे, तार सुटल्यासारखं चिकट, किंवा वर साय, यांपैकी काही दिसलं तर पाणी ओतून द्यायचं. यातलं काहीच दिसलं नाही तर फोटोवरून पाणी चांगलं आहे असं म्हणायचं नाही. गढूळपणाला एक अपवाद लिहून ठेवते: अडसर फोडताना मलईचे कण पाण्यात पडतात आणि पाणी पहिल्याच मिनिटाला दुधट दिसतं. दहा मिनिटं स्थिर ठेवलं की बरेचसे कण खाली बसतात. नासलेल्या पाण्याचा गढूळपणा बसत नाही.

१२ एप्रिल

न फोडलेल्या फळाचा बाहेरून फोटो पाहून आतलं पाणी ताजं आहे का, हे गिऱ्हाईक रोज विचारतं. आज त्याचं उत्तर मिळालं.

उतरवताना एका घोसाचा दोर सुटला आणि घोस आठेक फुटांवरून चिऱ्यावर आपटला. बाहेरून एकाही फळाला ओरखडा नाही. मुद्दाम त्यातली तीन आणि नीट उतरवलेली तीन अशी सहा फळं बाजूला ठेवली आणि रोज फोटो काढले. चौथ्या दिवशीचे सहाही फोटो सारखे, कडं तेवढंच सुकलेलं, साल तेवढीच हिरवी.

आज फोडली. नीट उतरवलेल्या तिघांचं पाणी गोड. आपटलेल्यांपैकी दोनांत कोयत्याचं टोक टेकताच फुस्स करून वारा सुटला, आंबूस वास आला आणि पाणी निम्मंच होतं. सोडण आतून ओलं, करवंटीला केसासारखी चीर. पाणी चिरेतून सोडणात झिरपलं आणि तिथे आंबलं.

फोटोला हे दिसणं शक्यच नाही. पण कानाला कळतं. भरलेलं शहाळं हलवलं तर आवाज येत नाही, कारण आत पोकळी नसते. नारळात पाणी कमी झालेलं असतं म्हणून तो डुबडुबतो, आणि नारळाच्या बाबतीत ते चांगलं लक्षण. तोच डुबडुब आवाज पांढऱ्या कड्याच्या फळातून आला तर पाणी कुठेतरी गेलेलं आहे. आपटलेली दोन्ही फळं मी फोडण्याआधी हलवली होती आणि ती वाजली होती. तेव्हा वहीत "आवाज?" एवढंच लिहून पुढे गेले होते.

आता फोटोबरोबर दहा सेकंदांचा व्हिडिओ मागायचा, फळ फोनजवळ धरून तीनदा हलवलेला. कडं डोळ्याने, आवाज कानाने.

१९ एप्रिल

पुण्याच्या गिऱ्हाइकाने दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र, सोलून टोकदार केलेल्या शहाळ्यांचा फोटो पाठवला आणि विचारलं, तुमची अशी ताजी का दिसत नाहीत.

सोललेलं सोडण हवेत तासाभरात तपकिरी व्हायला लागतं. ते पांढरं राहतं कारण त्याला सायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवलेलं असतं. ही मान्य पद्धत आहे आणि तिच्या जोडीला फळ थंड ठेवलं तर ते काही आठवडे टिकतं. पण तो पांढरेपणा बुडवणीचा पुरावा आहे, पाण्याचा नव्हे. थंडाव्याची साखळी मध्ये तुटली तरी बाहेरचा रंग तसाच राहू शकतो. शिवाय सोलताना कडं आणि काडी दोन्ही निघून जातात, म्हणजे वय वाचायची जागाही हातची जाते.

याच संदर्भात एक घटना गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. २०२१ मध्ये डेन्मार्कमध्ये ६९ वर्षांच्या एका माणसाने सोललेल्या शहाळ्यातलं पाणी नळीने प्यायलं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं फळ होतं, पण महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिलं होतं. चव घाण लागली म्हणून त्याने थोडंच घेऊन थांबवलं. फळ उघडल्यावर आतून बुळबुळीत आणि सडलेलं दिसलं. काही तासांत त्याला त्रास सुरू झाला आणि पुढे इस्पितळात तो दगावला. फळात आर्थ्रिनियम जातीची बुरशी आणि तिचं ३-नायट्रोप्रोपिओनिक आम्ल हे विष सापडलं.

ऐकून काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नळी घालून प्यायचंच नाही. आधी पेल्यात ओतायचं, बघायचं, वास घ्यायचा." कागदावर पहिली ओळ काकूंचीच घातली आहे. पुढची ओळ अशी: चव वेगळी लागली तर दुसरा घोट घ्यायचा नाही.

२७ एप्रिल

नव्या कागदावर पहिला माल गेला. चार आगरांतून अठ्ठेचाळीस फळं आली. प्रत्येक घोसाचा वरून एक फोटो, बाजूने एक, तारखेचा कागद, जातीचं नाव आणि हलवल्याचा व्हिडिओ. फोटोवरून मी सहा फळं अडसर म्हणून वेगळी काढायला सांगितली आणि दोन आवाजावरून. ती आठ इथेच फोडून पाहिली. सहांपैकी पाच अडसर होती. एक चांगलं शहाळं होतं, तिथे वाळलेली झावळी टोपीवर पडून काडी झाकली गेली होती आणि मी घाई केली. आवाजाच्या दोनांपैकी एकात चीर सापडली. दुसऱ्यात काहीच दोष दिसला नाही, पाणीही गोड होतं, फक्त थोडं कमी भरलं.

चिपळूणला गेलेल्या चाळीसांपैकी एक अडसर निघालं. त्याचा आधी आलेला फोटो पुन्हा उघडून पाहिला. टोपी निखळून पडलेली होती आणि त्या जागी गोल फिकट खळगा होता. तो खळगा मी कडं समजले होते. टोपी सुटलेल्या फळाचं वय त्या जागेवरून वाचायचं नाही, आणि असं फळ लांबच्या गाडीत घालायचंही नाही. आत्याला फोन करून तिच्या उद्याच्या घोसात टोपी सुटलेली किती आहेत ते विचारलं. ती म्हणाली, "तीन. ती आमच्या घरी संध्याकाळी."

कागदात ती ओळ हाताने लिहून पुन्हा झेरॉक्स काढायला दिला आहे. पावसाळ्यात पोय निघण्याची गती बदलते, तेव्हा जुलैत काकांच्या त्याच माडावरचे सातवा आणि नववा घोस उतरवून कड्याची रुंदी परत मोजायची आहे.